‘मुले खेळली’ की ‘मुले खेळले’?

*सप्रेम नमस्कार. माझी मुलगी चौथीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीच्या चाचणीत ‘कंसातील क्रियापदाचे भूतकाळी रूप लिहून रिकामी जागा भरा’ या प्रश्नात तिची आठपैकी पाच वाक्यं चुकली. ‘वारा सुटला’, ‘आजोबा लवकर उठले’ आणि ‘चिमण्या झाडावर बसल्या’ एवढीच बरोबर. चुकलेली अशी: ‘मुले मैदानावर खेळले’, ‘फुलपाखरू खिडकीतून उडाला’, ‘नदीचे पाणी वाढली’, ‘मीना, तू उशिरा का आली?’ आणि ‘रोहनने दोन चिठ्ठ्या लिहिला’. घरी आम्ही मराठीच बोलतो, त्यामुळे मला उत्तरं कळतात, पण नियम सांगता येत नाही. ‘मुले म्हणजे अनेकवचन ना, मग खेळले का नाही?’ असं तिने विचारलं आणि मी गप्प बसले. परीक्षा दोन आठवड्यांवर आहे. नेमकं काय करून घेऊ?*
*– एक आई*

तिच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. ‘मुले’ हे अनेकवचन आहे हे तिचं बरोबर आहे, पण ते ‘मूल’ या शब्दाचं अनेकवचन आहे आणि मूल नपुंसकलिंगी आहे. नपुंसकलिंगी अनेकवचनाला भूतकाळात ‘ली’ लागतो: मुले खेळली, पाने गळली, घरे पडली. तिने वचन ओळखलं आणि लिंग सोडून दिलं. पाचांपैकी दोन चुकांचं मूळ हेच आहे. बाकीच्या तीन चुकांमध्ये तिला शेवट येत होता, पण तो कुठल्या शब्दाकडे पाहून लावायचा हे चुकलं.

हे तिला दाखवायला एकच क्रियापद पुरतं: पडणे. कागदावर तीन वाक्यं लिहा. दगड पडला. फांदी पडली. पान पडले. त्यांच्याखाली त्यांचीच अनेकवचनं लिहा. दगड पडले. फांद्या पडल्या. पाने पडली. आता तिला शेवट मोजायला सांगा. वाक्यं सहा आहेत, पण शेवट चारच निघतात: ला, ली, ले, ल्या. ‘ली’ दोनदा येतो, फांदीला आणि पानांना. ‘ले’सुद्धा दोनदा येतो, पानाला आणि दगडांना. मुलांचा गोंधळ बरोबर याच दोन ठिकाणी होतो. ‘ली म्हणजे स्त्रीलिंग’ आणि ‘ले म्हणजे अनेकवचन’ असं त्यांनी मनाशी पक्कं केलेलं असतं. ते अर्धंच खरं असतं, आणि उरलेल्या अर्ध्यात ‘मुले खेळले’सारखी वाक्यं तयार होतात.

आता त्याच सहा वाक्यांतल्या प्रत्येक नामाआधी तो, ती, ते, त्या यांतला योग्य शब्द ठेवा. तो दगड, ती फांदी, ते पान. ते दगड, त्या फांद्या, ती पाने. इथेही जागा सहा आणि शब्द चारच, आणि ते अगदी त्याच जागी दोनदा येतात जिथे क्रियापदाचे शेवट दोनदा आले होते. म्हणजे तो असेल तिथे ला, ती असेल तिथे ली, ते असेल तिथे ले, त्या असेल तिथे ल्या. कर्ता तृतीयपुरुषी असेल, म्हणजे मी, आम्ही, तू, तुम्ही, आपण यांपैकी कोणी नसेल आणि त्याला कुठला प्रत्ययही नसेल, तर या जोड्या मोडत नाहीत. लिंग आणि वचन वेगवेगळं ओळखून त्यांचा तक्ता आठवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे, कारण घरात मराठी ऐकत वाढलेलं मूल ‘ती पाने’ हे न शिकवताच म्हणतं.

ही जुळणी योगायोगाने झालेली नाही. मराठीतलं हे भूतकाळी रूप स्वभावाने विशेषणासारखं आहे. पडलेला दगड, पडलेली फांदी, पडलेली पाने यांत ते उघड दिसतं. म्हणून चांगला, चांगली, चांगले, चांगल्या या शब्दांचे जे शेवट, तेच पडला, पडली, पडले, पडल्या यांचे. कुठे शंका आली तर नामाआधी ‘चांगला’ किंवा ‘छोटा’ लावून पाहा. कानाला ‘छोटी मुले’ बरोबर वाटतं, ‘छोटे मुले’ खटकतं, म्हणून ‘खेळली’.

तरीही ‘मुले’ या शब्दापाशी हुशार मुलंसुद्धा अडखळतात, आणि त्याला कारण आहे. छापील मराठीत ‘मुले’चा शेवट ‘घोडे’, ‘रस्ते’, ‘डबे’ यांच्यासारखाच दिसतो. घोडे धावले, रस्ते भिजले, डबे पडले यांत नाम आणि क्रियापद दोन्ही एकारान्त असल्यामुळे यमक जुळतं, आणि त्याच ओघात ‘मुले खेळले’ लिहिलं जातं. बोलताना मात्र आपण ‘मुलं’ म्हणतो, तिथे यमकाचा मोह नसतो, म्हणून तोंडून ‘मुलं खेळली’ सहज येतं. तेव्हा अशा वाक्यात तिला आधी नाम बोलीत म्हणायला सांगा: मुलं, पानं, घरं, फुलं. ज्या नामाचं अनेकवचन बोलताना असं अनुस्वाराने संपतं ते नपुंसकलिंगी, आणि त्याला ‘ली’. ‘घोडं धावली’ असं कोणी म्हणत नाही, घोडे हे घोडेच राहतात. (काही बोलींत ‘पोरं आले’ असंही म्हणतात. घरी तशी बोली असेल तर ती चुकीची आहे असं मुलीला सांगू नका. प्रमाण लेखनात ‘आली’ लिहायचं, एवढंच सांगा.)

फुलपाखराचं दुखणं थोडं वेगळं आहे. ‘फुलपाखरू उडाला’ लिहिताना तिने वचन बरोबर धरलं, पण जिवंत, उडणारं काही म्हणजे ‘तो’ असं गृहीत धरलं. पाखरू, फुलपाखरू, वासरू, कोकरू, लेकरू, पिल्लू हे शब्द नपुंसकलिंगी आहेत: ते फुलपाखरू उडाले, ती फुलपाखरे उडाली. शेवटच्या ऊ-वरून मात्र नियम बांधू नका, कारण लाडू आणि चाकू पुल्लिंगी आहेत, सासू आणि जाऊ स्त्रीलिंगी. प्राणी आहे की वस्तू, यावरूनही लिंग ठरत नाही. ‘छोटं फुलपाखरू’ हे कानाला पटतं का, एवढीच कसोटी ठेवा.

तिने ‘उडाला’ लिहिलं, ‘उडला’ नाही, हे कौतुकाने सांगावं असं आहे. रिकामी जागा भरताना खरं तर दोन कामं असतात. पहिलं, क्रियापद ‘ल’पर्यंत आणायचं. दुसरं, त्याला शेवट द्यायचा. दोन्ही एकदम करायला गेलं की मूल एकीकडे लक्ष देतं आणि दुसरीकडे चुकतं. म्हणून सरावाच्या वहीत ती वेगळी करा. आधी नुसतं ‘बसल–’, ‘सुटल–’, ‘वाढल–’ असं लिहून पुढे रेघ सोडायची. काही क्रियापदांत मध्ये ‘आ’ येतो: उडाल–, पळाल–, बुडाल–, मिळाल–, निघाल–. काही अंगं पार बदलतात, ती पाठच करावी लागतात: जाणे–गेल, येणे–आल, होणे–झाल, मरणे–मेल, करणे–केल, देणे–दिल, घेणे–घेतल, खाणे–खाल्ल, सांगणे–सांगितल. ही अंगं आली की पुढचे चार शेवट सगळ्यांना सारखेच आहेत.

नपुंसकलिंगी एकवचन लिहिताना एक सांभाळा. ‘पान पडले’ आणि ‘पान पडलं’ ही दोन्ही रूपं लिहिली जातात, दुसरं बोलण्याच्या जवळचं आहे. उत्तरपत्रिकेत ‘पडले’ लिहिलेलं बरं. मुलं ‘पडलं’ लिहायला जातात आणि घाईत टिंब राहतं. मग ‘पडल’ असं अर्धवट रूप उरतं आणि ते चूकच धरलं जातं.

आता ‘नदीचे पाणी वाढली’. इथे ‘नदी’ हा शब्द तिच्या नजरेत भरला आणि क्रियापद त्याच्याशी जुळलं. लांब वाक्यात ही चूक हमखास होते. क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोण?’ असा प्रश्न विचारला की ती थांबते. काय वाढलं? पाणी. ते पाणी, म्हणून वाढले. पण या वाक्यात उत्तर आधीच लिहिलेलं होतं, हे तिला नक्की दाखवा. ‘नदीचे’मधला ‘चे’ नदीशी जुळत नाही, तो पुढच्या पाण्याशी जुळतो, आणि चा, ची, चे, च्या यांचे शेवट पुन्हा तेच चार. नदीचा प्रवाह वाढला, नदीची धार वाढली, नदीचे पाणी वाढले. प्रश्नपत्रिकेत असं ‘चे’ दिसलं की उत्तराचा शेवट फुकटात मिळतो.

फक्त ‘च्या’ दिसला की घाई करायची नाही. ‘झाडाच्या फांद्या हलल्या’ यात तो फांद्यांशी जुळलाय. ‘मुलांच्या आवाजाने पाखरे ______’ यात मात्र ‘च्या’ आलाय तो ‘आवाजाने’ला विभक्तीचा प्रत्यय आहे म्हणून. कोण उडालं? पाखरे. ती पाखरे, म्हणून उडाली. प्रत्यय लागलेला शब्द कर्ता म्हणून धरायचा नाही, हे तिने इथेच लक्षात घेतलं तर पुढे चिठ्ठ्यांच्या वाक्यात फार उपयोग होईल.

‘मीना, तू उशिरा का आली?’ यात नाव आणि स्वल्पविराम यांनी फसवलं. मीना ही इथे हाक आहे, कर्ता ‘तू’ आहे. तू असला की शेवटाला ‘स’ जोडायचा: मुलाला ‘आलास’, मुलीला ‘आलीस’. बोलताना हा स पुष्कळदा गळतो, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबून तो सापडेलच असं नाही. लिहिताना आठवणीने घालायला लागतो. मग मीनाचा उपयोग काय? तू मुलगी आहे हे तेवढं तिच्यावरून कळतं. ‘तुम्ही’ला मुलगा असो की मुलगी, ‘आलात’. ‘आम्ही’ आणि ‘आपण’लाही सगळ्यांना ‘आलो’. ‘मी’ला मात्र फरक पडतो: मुलगा ‘मी आलो’ म्हणेल, मुलगी ‘मी आले’. वाक्यात बोलणारा कोण हे दिलेलं नसेल तर दोन्ही उत्तरं बरोबर धरायला हवीत.

आजोबांचं वाक्य तिला आलं, पण ते का बरोबर आहे हे तिला विचारून पाहा. आजोबा एकच असून ‘उठले’, कारण आदराने बोलताना आपण ‘ते आजोबा’ म्हणतो. बाई असतील तर ‘त्या बाई’, म्हणून ‘बाई वर्गात आल्या’. आदर दाखवायचा म्हणून बाईंना ‘ले’ लावणं ही नेहमीची चूक आहे. आदराने वचन बदलतं, लिंग बदलत नाही. आईला आपण ‘ती’ म्हणतो, म्हणून ‘आई आली’.

राहिलं रोहनचं वाक्य, आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. वर सांगितलेलं सगळं कर्त्याला प्रत्यय नसेल तेव्हाच चालतं. ‘रोहनने’मध्ये ‘ने’ लागलेला आहे. भूतकाळात कर्त्याला ने किंवा नी लागला की क्रियापद त्याच्याशी जुळत नाही, ते कर्माशी जुळतं. रोहनने काय लिहिलं? चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्या, म्हणून लिहिल्या. रोहनऐवजी मीनाने लिहिल्या असत्या तरी ‘लिहिल्या’च. चिठ्ठी एकच असती तर ‘लिहिली’, पत्र असतं तर ‘लिहिले’, निबंध असता तर ‘लिहिला’. आणि कर्मालाही ‘ला’ किंवा ‘ना’ लागला असेल तर जुळायला कोणीच उरत नाही, मग क्रियापद ‘ले’वर थांबतं: रोहनने मीनाला बोलावले, मीनाने मुलांना बोलावले. ही ‘ने’ची रचना फार जुनी आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी कोरलेल्या ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ या ओळीतही करणाऱ्याला असाच प्रत्यय आहे आणि क्रियापद नपुंसकलिंगी आहे.

अडचण येते ती मी, आम्ही, तू, तुम्ही, आपण या सर्वनामांची, कारण त्यांना ‘ने’ दिसतच नाही. ‘मी शाळेत ______ (जाणे)’ आणि ‘मी चिठ्ठी ______ (लिहिणे)’ ही वाक्यं दिसायला सारखी आहेत. मुलगी पहिल्यात ‘गेले’ लिहिते ते बरोबर, मग त्याच न्यायाने दुसऱ्यात ‘लिहिले’ लिहिते ते चूक. यावर साधा उपाय असा: ‘मी’च्या जागी मनातल्या मनात तिसऱ्या माणसाला बसवायचं. ‘तो शाळेत गेला’ असं म्हणतो, तिथे ‘तो’ आला, म्हणजे क्रियापद बोलणाऱ्याशी जुळेल: मी गेलो, मी गेले. ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ असं म्हणतो, तिथे ‘त्याने’ आला, म्हणजे क्रियापद चिठ्ठीशी जुळेल: मी चिठ्ठी लिहिली, बोलणारा मुलगा असो की मुलगी. तू असेल तर त्यावर ‘स’ चढतो: तू चिठ्ठी लिहिलीस, तू निबंध लिहिलास.

हीच तो की त्याने ही कसोटी अपवादांनाही लागू पडते. विसरणे, शिकणे, बोलणे, खेळणे, चढणे, नेसणे या क्रियापदांना कर्म असूनही ‘ने’ लागत नाही. आपण ‘तो छत्री विसरला’ म्हणतो, ‘त्याने छत्री विसरली’ असं प्रमाण मराठीत लिहीत नाही. म्हणून ‘मीना छत्री ______ (विसरणे)’ यात ‘विसरली’ येतो तो मीनामुळे, छत्रीमुळे नव्हे. इथे ‘मीना’च्या जागी ‘रोहन’ घालून पाहिलं की तिला ते लगेच कळेल: रोहन छत्री विसरला.

दोन आठवड्यांत करून घ्यायचं म्हटलं तर मी क्रम असा ठेवीन. पहिले चार-पाच दिवस ‘ने’ची वाक्यं बाजूला ठेवा. शीर्षकात ‘कर्त्याच्या लिंगवचनानुसार’ लिहून खाली ‘ने’ची वाक्यं मिसळलेल्या कार्यपत्रिका पुष्कळ मिळतात, आणि मुलांचा गोंधळ वाढायला त्याही कारण आहेत. या दिवसांत रोज सहा वाक्यं पुरेत. प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी पेन्सिलने करायच्या: कर्त्याभोवती गोल, गोलाच्या वर तो-ती-ते-त्यापैकी एक शब्द, आणि जागेत ‘ल’पर्यंतचं अंग. शेवट सगळ्यांत शेवटी. तपासताना तुम्ही शेवटाकडे पाहण्याआधी गोलावरचा शब्द पाहा. तिने ‘ते मुले’ लिहून ‘खेळले’ लिहिलं असेल तर शेवट तिने नियमानेच लावला आहे, लिंग चुकलंय, त्याचा सराव द्यायचा. ‘ती मुले’ लिहून ‘खेळले’ लिहिलं असेल तर यमकाने ओढलंय, तिथे ‘मुलं’ म्हणून वाचायला लावायचं. लाल पेनाने नुसती फुली मारली तर या दोन चुका सारख्याच दिसतात.

नंतर उलट्या रिकाम्या जागा द्या, म्हणजे क्रियापद तयार आणि कर्ता गायब. ‘______ पडली’ यात पाने, दगड, फांदी, फांद्या यांपैकी काय काय बसेल? पाने आणि फांदी, दोन्ही. ‘______ पडले’ यात पान आणि दगड, पण तो दगड एकापेक्षा जास्त. हे करताना ‘ली’ आणि ‘ले’ची दोन-दोन कामं तिच्या स्वतःच्या लक्षात येतात, आणि ती समजावून सांगण्यापेक्षा जास्त टिकतात. ‘दगड’सारखे शब्द इथे मुद्दाम घ्या. पक्षी, हत्ती, दगड यांचं एकवचन आणि अनेकवचन सारखंच दिसतं, वचन फक्त क्रियापदावरून कळतं. त्यामुळे साध्या प्रश्नात ‘पक्षी झाडावरून ______’ असं देऊ नका, उडाला आणि उडाले दोन्ही बरोबर ठरतील. ‘एक पक्षी’ किंवा ‘सगळे पक्षी’ असं लिहा. ‘भाऊ आणि बहीण’ असे मिश्र लिंगाचे कर्तेही सध्या टाळा. त्यात ‘आले’ आणि ‘आली’ दोन्ही लिहिलेलं आढळतं, चौथीच्या मुलीला त्यात अडकवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या आठवड्यात ‘ने’ची वाक्यं आणा, पण जोडीने: ‘मीना मैदानावर ______ (धावणे)’ आणि लगेच खाली ‘मीनाने निबंध ______ (लिहिणे)’. दुसऱ्या वाक्यात मीनाभोवती गोल काढायचा नाही, ‘ने’ दिसला की गोल निबंधाभोवती. ‘मीना धावली’ आणि ‘मीनाने निबंध लिहिला’ हे एकाखाली एक तिच्याच अक्षरात आलं, की मग तेच ‘मी’ घालून लिहायला सांगा. ‘मी मैदानावर धावले. मी निबंध लिहिला.’ दुसऱ्या वाक्यात ‘लिहिला’ लिहिताना ती थांबली आणि ‘मी तर मुलगी आहे’ म्हणाली, तर ‘मी’च्या जागी ‘तिने’ घालून वाक्य मोठ्याने म्हणायला लावा.